कुरिअरने पार्सल हरवलं: घरून विकणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे सगळं इन्स्टा, व्हॉट्सअ‍ॅप किंवा स्वतःच्या छोट्या वेबसाइटवरून विकणाऱ्यांसाठी आहे, म्हणजे जे पार्सल स्वतः पॅक करून खाजगी कुरिअरला किंवा शिपिंगच्या अ‍ॅपवरून बुक करून देतात त्यांच्यासाठी. मोठ्या मार्केटप्लेसवर विकत असाल तर तिकडचे क्लेमचे नियम वेगळे, ते त्यांच्या सेलर पॅनेलमध्येच बघा. समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण धरू: नाशिकहून नागपूरला पाठवलेली एक सेमी पैठणी, खरेदी 5200 रुपयांची, विक्री 6800 ला (शिपिंग त्यातच), कुरिअरला गेले 120.

पार्सल उशिरा येतंय की हरवलंय, कसं ओळखायचं?

ट्रॅकिंगमध्ये वरचं मोठं स्टेटस बघू नका, खालची स्कॅनची यादी उघडा. "इन ट्रान्झिट" हे स्टेटस पार्सल हरवल्यावरही तसंच राहतं, कारण कुणी स्कॅनच करत नाही तर बदलणार कसं. बघायचं ते एवढंच की शेवटचा स्कॅन कुठे झाला आणि कधी. बॅग हबमधून निघाल्याचा स्कॅन आहे आणि पुढच्या हबला पोचल्याचा नाही, तर गाडी अडकलेली असू शकते किंवा बॅग भलत्याच शहरात गेली असेल, अशी पार्सलं बहुतेक वेळा येतात. पण पुढच्या हबला बॅग पोचली, त्याच बॅगेतली बाकीची पार्सलं पुढे गेली आणि तुमचं तिथेच थांबलं, तर काहीतरी बिनसलंय.

आमच्या पैठणीचा शेवटचा स्कॅन समजा भिवंडीच्या हबला आहे आणि त्यानंतर चार दिवस काहीच नाही. नाशिक ते नागपूर रस्त्यात भिवंडी कुठून आली असं विचारू नका, हबचा नकाशा आणि आपला नकाशा वेगळा असतो. चार दिवस शांतता म्हणजे तक्रार टाकायची वेळ झाली. हरवलं म्हणून नाही, शोधा म्हणून.

तक्रार कुठे आणि कशी टाकायची? कस्टमर केअरला फोन केला तर चालतं का?

फोन करा, पण त्यावर विसंबू नका. फोनवर मिळतं ते "चोवीस ते अठ्ठेचाळीस तासात अपडेट येईल" आणि त्याचा पुरावा शून्य. तिकीट नंबर मिळाला पाहिजे आणि ई-मेल गेला पाहिजे. आणि अ‍ॅपवरून बुक केलं असेल तर तक्रार त्या अ‍ॅपकडेच करायची, कारण तुमचा करार त्यांच्याशी आहे, कुरिअर कंपनी तुम्हाला ओळखतच नाही, तिच्या हिशोबात गिऱ्हाईक म्हणजे ते अ‍ॅप.

आता मेलमध्ये काय लिहायचं, तर एडब्ल्यूबी म्हणजे पार्सलचा ट्रॅकिंग नंबर, बुकिंगची तारीख, शेवटचा स्कॅन, मालाची किंमत हे सगळेच लिहितात. पण जे लिहायला हवं ते कुणी लिहीत नाही, ते म्हणजे पार्सल दिसतं कसं. पार्सलं हरवतात त्यातली बरीच चोरीला गेलेली नसतात, त्यांचं लेबल फाटलेलं किंवा निघालेलं असतं आणि ती हबमध्ये एका कोपऱ्यात बिननावाच्या पार्सलांच्या ढिगात पडलेली असतात. तिथला माणूस नंबरवरून ते शोधूच शकत नाही, कारण नंबरच गेलाय. म्हणून लिहा: "पांढरी कुरिअर बॅग, साधारण 14 बाय 10 इंच, वजन 800 ग्रॅम, आत गुलाबी रंगाचा साडीचा बॉक्स, बॉक्समध्ये जांभळी साडी हिरव्या काठाची." सोबत पॅकिंगचा फोटो. आणि याच कारणासाठी पुढच्या वेळी बॉक्सच्या आतही एक चिठ्ठी टाका ज्यावर तुमचं नाव, मोबाइल आणि ऑर्डर नंबर असेल. बाहेरचं लेबल गेलं तरी उघडणाऱ्याला कळतं कुणाचं आहे.

तोपर्यंत कस्टमरला काय सांगू?

खरं ते, आणि तिने विचारायच्या आधी. असा काहीतरी मेसेज:

"ताई, तुमच्या साडीचं पार्सल भिवंडीच्या हबला चार दिवस अडकलंय, कुरिअरकडे तक्रार टाकली आहे. शुक्रवारपर्यंत हललं नाही तर तुम्ही सांगाल तसं करू, दुसरी साडी पाठवते किंवा पूर्ण पैसे परत. तुम्हाला साडी कुठल्या तारखेला नेसायची आहे का, ते सांगा म्हणजे त्या हिशोबाने बघते."

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. लग्न रविवारी असेल तर शुक्रवारची मुदत देऊन उपयोग नाही, तिथे आजच्या आज दुसरी पाठवायला लागेल नाहीतर पैसे परत करून मोकळं व्हायचं. आणि हो, "कुरिअरवाल्याला फोन करा, हा नंबर घ्या" असं कस्टमरला सांगू नका, तिने कुरिअर निवडलेलं नाही.

कुरिअरने हरवलं तर कस्टमरचे पैसे मी का द्यायचे? क्लेम मिळाल्यावर देते म्हटलं तर?

इथेच सगळ्यात जास्त भांडणं होतात. तुमचे इथे दोन वेगळे व्यवहार आहेत. एक तुमचा आणि कस्टमरचा, पैसे घेतले आणि माल पोचवायचा. दुसरा तुमचा आणि कुरिअरचा, भाडं दिलं आणि त्याने पोचवायचं. कस्टमर दुसऱ्या व्यवहारात कुठेच नाही. त्यामुळे कुरिअरने दीड महिना लावला, अर्धेच पैसे दिले, किंवा दिलेच नाहीत तरी तिचे पैसे तुमच्याकडून येणं आहे ते आहेच. ऑनलाइन विक्रीसाठी 2020 चे ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम आहेत, त्यात तर सांगितलेल्या वेळेपेक्षा उशिरा आलेल्या मालाचेही पैसे परत करायला विक्रेत्याने नकार द्यायचा नाही असं आहे (पूर, दंगल वगैरे हाताबाहेरचं कारण सोडून), मग न आलेल्या मालाचं काय बोलायचं.

काही जण वेबसाइटवर लिहून ठेवतात की "एकदा पार्सल कुरिअरला दिलं की आमची जबाबदारी संपली". लिहायला काय जातंय. पण कस्टमर ग्राहक आयोगात गेली तर या एका ओळीवर फार भरवसा ठेवू नका.

रिफंड देऊ की दुसरा माल पाठवू?

कस्टमरला विचारा, पण आधी स्वतःचा हिशोब करून ठेवा. बरेच जण घाबरून लगेच रिफंड करतात, त्यांना वाटतं दुसरी साडी पाठवली तर डबल नुकसान. उलट आहे.

पैठणीचंच घ्या. समजा कुरिअरकडून 2500 भरपाई आणि 120 भाडं परत असे 2620 मिळाले. रिफंड दिला तर कस्टमरचे 6800 आले आणि गेले, तुमचे पहिल्या साडीचे 5200 आणि भाड्याचे 120 गेलेले, त्यातून 2620 वजा, नुकसान 2700. दुसरी साडी पाठवली तर दोन साड्या आणि दोनदा भाडं मिळून 10640 खर्च, आले 6800 अधिक 2620 म्हणजे 9420, नुकसान 1220. फरक 1480 चा, तो तुमचा त्या विक्रीवरचा नफा आहे, जो रिफंडमध्ये जातो आणि रिप्लेसमेंटमध्ये राहतो. म्हणजे माल स्टॉकमध्ये असेल आणि कस्टमरला अजून हवा असेल तर आधी तोच ऑफर करा. मात्र तिला नको असेल तर गळ घालू नका, "अर्ध्या पैशाचं कूपन देते" वगैरे तर अजिबात नको.

रिफंड करताना पैसे ज्या खात्यातून किंवा यूपीआय आयडीवरून आले तिथेच पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी भलताच क्यूआर पाठवला तर त्यावर नको, आधी ज्या नंबरवरून ऑर्डर आली त्यावर फोन करून खात्री करा. यूटीआर नंबरचा स्क्रीनशॉट जपून ठेवा, काही कंपन्या क्लेमच्या वेळी कस्टमरला पैसे परत दिल्याचा पुरावा मागतात.

क्लेमला कुठली कागदं लागतात?

कंपनीप्रमाणे थोडं इकडेतिकडे होतं पण साधारण हे: एडब्ल्यूबी किंवा बुकिंगची पावती, कस्टमरला दिलेलं बिल, मालाच्या खरेदीचं बिल, पिकअपचा पुरावा, तक्रारीचे तिकीट नंबर, पॅन, कॅन्सल चेक आणि क्लेमचं पत्र. रक्कम मोठी असेल तर स्टॅम्प पेपरवर हमीपत्रही मागतात.

यातली दोन कागदं घरगुती विक्रेत्यांकडे नसतात. पहिलं खरेदीचं बिल. येवल्याच्या विणकराकडून रोखीने साडी आणली, त्याने वहीतल्या पानावर 5200 लिहून दिलं, ते कुरिअर मानेलच असं नाही. त्यामुळे आणतानाच तारीख, मालाचं वर्णन आणि सही असलेली पावती घ्या आणि पैसे यूपीआयने द्या, म्हणजे बँक स्टेटमेंट जोडता येतं. स्वतः बनवलेला माल असेल, समजा क्रोशाची शाल, तर सुताची बिलं आणि तोच माल त्याच भावाला आधी विकल्याची दोन-तीन बिलं लावा.

दुसरं पिकअपचा पुरावा. रायडर येतो, घाईत पाचसहा पार्सलं पोत्यात टाकतो आणि "गोडाऊनला गेल्यावर स्कॅन करतो मॅडम" म्हणतो. त्यातलं एक स्कॅनच झालं नाही तर सिस्टीमच्या मते ते पार्सल तुमच्याच घरी आहे आणि क्लेमचा प्रश्नच येत नाही. मॅनिफेस्टची, म्हणजे त्या पिकअपमधल्या पार्सलांच्या यादीची, प्रिंट काढा, रायडरची सही आणि तारीख घ्या, नाहीतर निदान त्याच्या हातात पार्सल आणि लेबल वाचता येईल असा फोटो. तो कुरकुरतो, कुरकुरू दे.

जीएसटी नंबर नसेल तर साधं बिल चालतं, त्यावर जीएसटी लावू मात्र नका. नंबर असेल तर रिफंड दिल्यावर क्रेडिट नोट काढायची, आणि हरवलेल्या मालावर घेतलेलं आयटीसी, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, जीएसटी कायद्याच्या कलम 17(5)(एच) प्रमाणे परत करावं लागतं, हे सीएला सांगा कारण ते तुमच्या नुकसानीत धरायला हवं.

माझी साडी 6800 ची आणि ते 2500 च देतायत, असं कसं?

कारण बुकिंग करताना ज्या अटींवर टिक केलं त्यात जबाबदारीची मर्यादा लिहिलेली असते. वाक्य बहुतेक असं असतं की मालाची किंमत किंवा अमुक रुपये, यातलं जे कमी असेल ते. तो अमुक आकडा प्रत्येकाचा वेगळा, आमच्या उदाहरणात 2500 धरलाय. तुमच्या अ‍ॅपच्या अटींमध्ये "लायबिलिटी" शोधा, दोन मिनिटांचं काम आहे, आणि पार्सल हरवायच्या आधी करायचं काम आहे.

कोर्टात ही मर्यादा टिकते का? सही केलेली असेल तर बहुतेक टिकते. 1996 मध्ये सुप्रीम कोर्टात भारती निटिंग कंपनी विरुद्ध डीएचएल असा खटला झाला होता, जर्मनीला पाठवलेली कागदपत्रं पोचली नाहीत आणि कंपनीचं मोठं नुकसान झालं, तरी कन्साइनमेंट नोटवर पाठवणाऱ्याने सही केली होती आणि त्यात 100 डॉलरची मर्यादा होती म्हणून तेवढेच मिळाले. अजूनही कुरिअरचे वकील हाच निकाल पुढे करतात. तुमच्या बाजूने बोलण्यासारखं तेव्हा असतं जेव्हा अट तुम्हाला कधी दाखवलीच नाही, पावतीवर सही नाही, किंवा अक्षरं भिंगाशिवाय वाचता येत नाहीत. पण त्यासाठी ग्राहक आयोगात जाऊन भांडावं लागतं.

म्हणून महाग मालाला इन्शुरन्स घ्या. अ‍ॅपवर बुक करताना "सिक्युअर शिपमेंट" किंवा तत्सम नावाचा पर्याय असतो, ट्रान्सपोर्टमध्ये याच प्रकाराला "ओनर्स रिस्क" की "कॅरिअर रिस्क" असं विचारतात आणि कॅरिअर रिस्कला मालाच्या किमतीवर थोडे जास्तीचे पैसे लावतात. काहीच सांगितलं नाही तर ओनर्स रिस्क धरतात. हा पर्याय पिकअपच्या आधीच घेता येतो, ट्रॅकिंग थांबल्यावर नाही. माझं मत विचाराल तर मर्यादेच्या आकड्याच्या वरचा माल इन्शुरन्सशिवाय पाठवायचाच नाही, ते पैसे शिपिंगमध्ये धरून कस्टमरला सांगा.

आणि किंमत खरी लिहा. प्रीमियम वाचवायला 6800 च्या साडीची किंमत 1000 टाकली तर भरपाई पण 1000 वरच येणार, नंतर खरं बिल दाखवून काही होत नाही. तसंच सोनं-चांदी, रोख रक्कम असलं बहुतेक कुरिअरच्या बंदी यादीत असतं, ते "इमिटेशन" म्हणून पाठवलं आणि हरवलं तर विसरा.

क्लेम किती दिवसांत टाकायचा?

मुदत अटींमध्ये असते आणि ती छोटी असते. "अजून शोधतोय" असं सांगत सांगत कुरिअरवाले मुदत उलटवतात, मग म्हणतात उशीर झाला. त्यामुळे शोध चालू असतानाच मेलमध्ये एक ओळ टाका की "पार्सल न सापडल्यास हा मेल भरपाईचा लेखी दावा समजावा, रक्कम रुपये 6800 आणि भाडं 120". नंतर सगळी कागदं जोडून फॉर्म भरा. सापडत नाही असं एकदा त्यांच्याकडून लेखी आलं, किंवा स्टेटस "लॉस्ट" झालं, की त्याचा स्क्रीनशॉट लगेच काढा, स्टेटस नंतर बदललेली मी पाहिली आहेत.

ट्रॅकिंगला "डिलिव्हर्ड" दाखवतंय पण कस्टमर म्हणते आलंच नाही. आता?

ही केस हरवण्यापेक्षा अवघड, आणि घाई इथे सगळ्यात जास्त. कस्टमरला आधी वॉचमन, शेजारी, घरातली बाकी माणसं यांना विचारायला सांगा, पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमध्ये निम्मी पार्सलं गेटवरच्या केबिनमध्ये सापडतात. नसेल तर त्याच दिवशी कुरिअरकडे पीओडी म्हणजे पार्सल दिल्याचा पुरावा मागा: सही, ओटीपी, फोटो, लोकेशन. या वादाला बहुतेक ठिकाणी दोन-तीन दिवसच देतात. पीओडीवर भलतीच सही किंवा रिकामा चौकोन असेल तर कस्टमरकडून मला पार्सल मिळालेलं नाही असा मेल घ्या, व्हॉट्सअ‍ॅपपेक्षा मेल बरा, आणि तो पुढे पाठवा. ओटीपी खरंच तिच्या मोबाइलवर गेला आणि तिने दिला असेल तर क्लेम जवळपास संपला, मग तिच्याशी नीट बोलावं लागेल.

सीओडीचं पार्सल हरवलं तर?

कस्टमरने पैसे दिलेलेच नाहीत, त्यामुळे तिला देणं काही नाही, फक्त कळवा आणि हवं असेल तर दुसरं पाठवा. क्लेम नेहमीसारखाच मालाचा. पण एक फरक लक्षात ठेवा: पार्सल पोचलं, कस्टमरने रोख दिले, आणि ते तुमच्या खात्यात आले नाहीत, तर ती भरपाई नाही, ते तुमचे पैसे आहेत. तिथे 2500 ची मर्यादा लावू देऊ नका, पूर्ण रक्कम मागा.

परत येताना हरवलं, म्हणजे आरटीओमध्ये, तरी क्लेम होतो. परत आलेलं पार्सल मात्र व्हिडिओ चालू ठेवूनच उघडा, आत साडीऐवजी जुना टॉवेल निघाला तर व्हिडिओशिवाय कुणी ऐकत नाही.

क्लेम नाकारला किंवा उत्तरच देत नाहीत. पुढे काय?

आधी कंपनीच्या ग्रीव्हन्स ऑफिसरला मेल, नाव आणि पत्ता वेबसाइटच्या तळाला असतो. मग 1915 ला, नॅशनल कन्झ्युमर हेल्पलाइन, तक्रार वेबसाइटवरही टाकता येते. तिथून आदेश निघत नाही, ते फक्त कंपनीला विचारतात, पण मोठ्या कंपन्यांमध्ये 1915 ची तक्रार वेगळ्या टेबलावर जाते आणि बऱ्याचदा तिथेच मिटतं.

त्यानंतर नोटीस. रस्त्याने गेलेल्या मालासाठी कॅरिज बाय रोड अ‍ॅक्ट 2007 च्या कलम 16 प्रमाणे बुकिंगपासून 180 दिवसांच्या आत लेखी नोटीस गेलेली पाहिजे, नाहीतर दावा लावता येत नाही. त्यामुळे वाट बघत सहा महिने घालवू नका, स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती ठेवा.

मग जिल्हा ग्राहक आयोग. "तुम्ही धंदा करता, तुम्ही ग्राहक नाही" असं कुरिअरवाले म्हणणारच, पण 2019 च्या कायद्यात स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार म्हणून घेतलेला माल व्यापारी हेतूत धरत नाहीत, तिथे सेवेचा उल्लेख नाही, पण तेच तत्त्व सेवेलाही लावा असं मांडता येतं. तक्रारीत हे स्पष्ट लिहा की घरून एकटी हा व्यवसाय करते आणि उपजीविका यावरच आहे. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, कुरिअरचं हेड ऑफिस गुडगावला असलं तरी. मुदत दोन वर्षं, आणि सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. वकीलही सक्तीचा नाही. पण एका 2500 रुपयांसाठी तारखांना जायचं का हे तुम्ही ठरवा, 6800 साठी मी कदाचित जाणार नाही, पन्नास हजाराच्या मालासाठी नक्की जाईन.

पार्सल नंतर सापडलं तर?

होतं असं. दीड महिन्याने अचानक "आऊट फॉर डिलिव्हरी". तोपर्यंत तुम्ही कस्टमरला दुसरी साडी पाठवलेली असते आणि आता पहिलीही तिच्या दारात. म्हणून दुसरी पाठवतानाच कुरिअरला मेल करून ठेवा की हा एडब्ल्यूबी सापडल्यास डिलिव्हर करू नये, आरटीओ करावा, आणि कस्टमरलाही सांगा की आलं तर घेऊ नका, परत पाठवा. भरपाई घेतलेली असेल तर कुरिअर एक तर ती परत मागेल किंवा माल ठेवून घेईल, दोन्ही तुमच्याकडे राहणार नाही. साडी परत घ्यायची की पैसे ठेवायचे हे उघडून बघितल्याशिवाय सांगू नका, महिनाभर भिवंडीच्या ओलीत पडलेल्या जरीचा रंग काळा पडलेला असतो.